जेईई मेन दोनदा द्यावी का, आणि शेवटी कोणता स्कोअर धरतात?

प्रश्न: "मुलगी नाशिकला बारावीला आहे, स्टेट बोर्ड. जानेवारीच्या जेईई मेनमध्ये 94.6 पर्सेंटाइल आले. आता बोर्ड, मग एप्रिलची जेईई, मग सीईटी. एप्रिलची परत द्यायला लावावी का? आणि तिथे कमी आले तर ॲडमिशनला कोणता स्कोअर धरतात? काहीजण सरासरी काढतात म्हणतात, काहीजण शेवटचा धरतात म्हणतात."

सरासरी काढत नाहीत आणि शेवटचाही धरत नाहीत. दोन्हींपैकी जो एकूण पर्सेंटाइल जास्त, तोच धरतात. एप्रिलमध्ये मुलीला 88 आले तरी गुणवत्ता यादीत तिच्या नावापुढे 94.6 च राहील. 97 आले तर 97 लागेल आणि जानेवारीचा आकडा स्कोअरकार्डवर नुसता छापलेला दिसेल. एनटीएने 2019 मध्ये ही परीक्षा हाती घेतली आणि वर्षात एकापेक्षा जास्त सत्रे सुरू केली, तेव्हापासून नियम हाच आहे. कोरोनामुळे 2021 साली चार सत्रे झाली, तेव्हाही चारांतला सर्वात चांगला स्कोअर धरला होता.

म्हणजे एप्रिलला बसल्याने स्कोअरचे काही नुकसान होत नाही. खर्च होतो तो फीचा आणि वेळेचा. फी हजाराच्या आत-बाहेर आहे, तिचे फारसे नाही. वेळेचा हिशेब मात्र नीट मांडावा लागतो, त्याकडे पुढे येतो. आधी हा पर्सेंटाइल काय सांगतो ते बघू, कारण पालकांची निम्मी गडबड तिथेच होते.

94.6 पर्सेंटाइल म्हणजे 94.6 टक्के गुण नव्हेत. मुलगी ज्या शिफ्टला बसली, त्या शिफ्टमधल्या शंभरातल्या 94.6 मुलांचे गुण तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा कमी आहेत, एवढाच त्याचा अर्थ. तुलना फक्त त्याच शिफ्टमधल्या मुलांशी होते. जानेवारी 2025 चे उदाहरण घ्या. बी.टेक.च्या पेपरला सुमारे 12.58 लाख मुले बसली आणि पाच दिवसांत दहा शिफ्ट झाल्या, म्हणजे एका शिफ्टला साधारण सव्वा लाख. अशा शिफ्टमध्ये 94.6 म्हणजे मुलीच्या पुढे अंदाजे 6,800 जण. पेपर अवघड होता की सोपा, हे त्यात आपोआप धरले जाते. मैत्रिणीला दुसऱ्या शिफ्टमध्ये दहा गुण जास्त पडूनही पर्सेंटाइल कमी आला, तर त्यात अन्याय शोधू नका. तिचा पेपर सोपा होता, एवढेच.

यातूनच आणखी एक गोष्ट निघते. एकूण पर्सेंटाइल हा तिन्ही विषयांच्या पर्सेंटाइलची बेरीज किंवा सरासरी नसतो. तो 300 पैकी एकूण गुणांवरून स्वतंत्र काढलेला असतो. त्यामुळे जानेवारीचे फिजिक्स आणि एप्रिलचे गणित जोडून तिसराच चांगला स्कोअर तयार होत नाही. दरवर्षी कोणीतरी हे विचारतेच. एक सत्र उचलायचे तर आख्खे उचलायचे.

आता रँक. जानेवारीच्या निकालात रँक नसते, फक्त स्कोअर असतो. एप्रिलचा निकाल लागल्यावर दोन्ही सत्रांतली सगळी मुले एका यादीत आणतात, प्रत्येकाचा चांगला स्कोअर ठेवतात आणि मगच अखिल भारतीय रँक देतात. फक्त जानेवारीला बसलेली मुलेही या यादीत असतात, त्यांना वेगळे काही करावे लागत नाही. प्रवेश मिळतो तो या रँकवर. एनआयटी, ट्रिपल आयटी आणि केंद्राच्या मदतीच्या संस्थांमध्ये जोसा या देशपातळीवरच्या एकत्रित प्रवेश प्रक्रियेमार्फत जागा भरतात तेव्हा पर्सेंटाइल बघतच नाहीत.

2025 मध्ये जानेवारीला 12.58 लाख आणि एप्रिलला 9.92 लाख मुले बसली. त्यातली 7.75 लाख मुले दोन्हींना होती, म्हणून वेगवेगळी मुले मोजली तर 14.75 लाख. रँकचा ढोबळ अंदाज काढायचा तर 100 मधून पर्सेंटाइल वजा करा आणि एकूण मुलांचे तेवढे टक्के काढा. तुमच्या मुलीचे 5.4 टक्के राहतात. 14.75 लाखांचे 5.4 टक्के म्हणजे सुमारे 79,650. हे सूत्र अगदी अचूक नाही. 2025 मध्ये आयआयटीसाठीच्या ॲडव्हान्स परीक्षेला बसायला खुल्या यादीचा कटऑफ 93.1023262 होता. सूत्राने तिथे रँक 1,01,700 च्या आसपास येते, प्रत्यक्षात त्या रेषेच्या वर 97,321 मुले होती. चार-पाच टक्के इकडे-तिकडे होणार हे धरून चाला.

रँक एप्रिलनंतरच ठरते, याचा एक परिणाम लोकांच्या लक्षात येत नाही. मुलीचा 94.6 हा आकडा कायम राहतो, पण त्या आकड्याला मिळणारी रँक कायम राहत नाही. जानेवारीत तिच्या मागे असलेली काही मुले एप्रिलमध्ये 95-96 वर जातात आणि यादीत तिच्या पुढे येऊन बसतात. शिवाय जानेवारी न देता थेट एप्रिलला बसणारी दोन लाखांहून जास्त मुले असतात. "जानेवारीत झाले ना, आता निवांत" म्हणून थांबणारा जागेवरच थांबतो, रांग मात्र पुढे सरकत असते.

उलट बाजूही सांगतो. एप्रिलमध्ये गुण वाढले म्हणजे पर्सेंटाइल वाढेलच, असे नाही. जानेवारीला बसलेल्यांपैकी बरीच मुले एप्रिलला येतच नाहीत. त्यात "बघू तरी" म्हणून फॉर्म भरलेली मुले पुष्कळ असतात. जी येतात त्यांचा बोर्डाच्या निमित्ताने बारावीचा अभ्यासक्रम पुरा झालेला असतो, आणि जानेवारीत राहून गेलेले धडेही तोवर होतात. म्हणून जानेवारीत ज्या गुणांना 95 आले, त्याच गुणांना एप्रिलमध्ये बऱ्याचदा थोडे कमी येते. मुलगी म्हणेल, "पप्पा, दहा मार्क वाढले, तरी तेवढेच आले." ती खोटे बोलत नसते.

आता तुमचा खरा प्रश्न, द्यावी की नाही. माझे उत्तर "द्यावी" असे आहे, आणि त्यामागची कारणे 94.6 या आकड्यातच आहेत. हा आकडा मधल्या पट्ट्यातला आहे. ॲडव्हान्सला पहिली अडीच लाख मुले घेतात, सगळे प्रवर्ग धरून. खुल्या यादीचा कटऑफ 2024 मध्ये 93.2362181 होता आणि 2025 मध्ये 93.1. म्हणजे तुमची मुलगी बहुधा आजच ॲडव्हान्सला पात्र आहे, फक्त रेषेपासून फार लांब नाही. जोसाच्या बाजूने बघितले तर 80 हजारांच्या घरातल्या रँकला खुल्या प्रवर्गात एनआयटीची चांगली शाखा मिळत नाही. पण 96.5 झाले तर रँक 52 हजारांच्या आसपास येते आणि 97.5 ला 37 हजारांच्या. या पट्ट्यात एकेका पर्सेंटाइलला पंधरा हजार रँक हलते, आणि एक पर्सेंटाइल म्हणजे साधारण दोन-तीन प्रश्नांचा फरक असतो. दुसऱ्या प्रयत्नाचा सगळ्यात जास्त उपयोग इथेच होतो.

महाराष्ट्रात एनआयटी एकच, नागपूरची व्हीएनआयटी. तिथल्या निम्म्या जागा महाराष्ट्रातून बारावी झालेल्यांना असतात. इथे जन्म किंवा मातृभाषा बघत नाहीत, बारावी कुठून केली ते बघतात. कोटा किंवा हैदराबादच्या कॉलेजातून बारावी केलेला मराठी मुलगा व्हीएनआयटीच्या गृहराज्य कोट्यात बसत नाही. तुमची मुलगी बसते. शिवाय एनआयटीत मुलींसाठी स्वतंत्र जागा आहेत आणि त्यांच्या शेवटच्या रँकचा आकडा बहुतेक वेळा खुल्या जागांपेक्षा मोठा असतो, म्हणजे मागच्या रँकलाही जागा मिळते. जोसाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या रँक मिळतात. व्हीएनआयटी निवडा, गृहराज्य निवडा, मुलींच्या जागांची ओळ बघा आणि शेवटच्या फेरीचा आकडा घ्या, पहिल्या फेरीचा नको. दोन वर्षांचे आकडे शेजारी मांडले की किती पर्सेंटाइल गाठायचा ते समोर येते. पुणे आणि नागपूरच्या ट्रिपल आयटीत गृहराज्य कोटा नाही, तिथे पूर्ण देशाशी स्पर्धा, हे लक्षात ठेवूनच त्यांचे आकडे वाचा.

एक आडवळण, पण महत्त्वाचे. राज्याच्या एसईबीसी प्रवर्गाचा दाखला असेल तर तो जोसात चालत नाही, केंद्राच्या यादीत तो प्रवर्गच नाही. ओबीसी असाल तर जात केंद्राच्या यादीत आहे का ते बघावे लागते, आणि नॉन-क्रीमी लेयरचा दाखला केंद्राच्या नमुन्यात, त्या वर्षीच्या 1 एप्रिलनंतरचा लागतो. दुसऱ्या सत्रात चार प्रश्न वाढवण्याइतकेच हे कागद वेळेत काढणे कामाचे असते.

वेळेचे सांगायचे तर कॅलेंडर उघडून बसा. 2025 मध्ये जेईईचे पहिले सत्र 22 जानेवारीला सुरू झाले आणि त्याच आठवड्यात बोर्डाच्या प्रॅक्टिकल सुरू झाल्या. लेखी परीक्षा 11 फेब्रुवारीपासून. दुसरे सत्र 2 एप्रिलपासून, पीसीएमची सीईटी 19 एप्रिलपासून आणि ॲडव्हान्स 18 मेला. तारखा दरवर्षी थोड्या सरकतात, रचना हीच राहते. पीसीएमवाल्या मुलीचा शेवटचा महत्त्वाचा पेपर झाला की एप्रिलच्या जेईईला साधारण पाच आठवडे उरतात. त्यात आख्खा अभ्यासक्रम पुन्हा करायला घेतला तर काहीच हाती लागत नाही.

त्या आठवड्यांत काय करायचे, ते जानेवारीची रिस्पॉन्स शीट, म्हणजे मुलीने कोणत्या प्रश्नाला काय उत्तर दिले त्याची नोंद, सांगते. बहुतेक घरांत स्कोअरकार्ड जपून ठेवतात आणि रिस्पॉन्स शीट कोणी उघडतही नाही. ती उत्तरतालिकेसोबत उपलब्ध असते तेव्हाच उतरवून ठेवलेली असेल तर बरे. समजा तिच्यात असे दिसले: फिजिक्समध्ये 18 सोडवले, 14 बरोबर, 4 चूक. केमिस्ट्रीत 20 सोडवले, 15 बरोबर, 5 चूक. गणितात 14 सोडवले, 7 बरोबर, 7 चूक. बरोबर एकूण 36, त्यांचे 144 गुण. चूक 16, म्हणून 16 गुण वजा. हाती आले 128. आता गणिताकडे बघा. अकरा प्रश्नांना हात लावलेला नाही आणि लावलेल्यांतले निम्मे चुकलेत. याचा अर्थ गणित येत नाही असा घाईने काढू नका. ती सात चुकलेली उत्तरे कागदावर पुन्हा सोडवायला लावा, घड्याळ न लावता. चार-पाच सुटली तर तिला धडे येतात, अडचण वेळेची आहे. गणित शेवटी, दमल्यावर घेतले होते का, ते विचारा. अशी मुलगी त्या आठवड्यांत रोज एक पूर्ण पेपर लिहिते आणि विषयांचा क्रम बदलून बघते, तेवढ्याने फरक पडतो. उलट घड्याळ न लावताही सुटली नाहीत, तर गणितातले नवे धडे या मुदतीत पक्के होणार नाहीत. मग गणितात अंदाजाने ठोकलेली उत्तरे बंद करायची, वाचलेले गुण पदरात घ्यायचे आणि वेळ केमिस्ट्रीला द्यायचा. इनऑर्गॅनिक केमिस्ट्रीची एनसीईआरटी दोनदा वाचली तर दोन-तीन प्रश्न वाढतात, आणि आपल्याला हवे तेवढेच आहेत.

या सगळ्यात बोर्डाला धक्का लावू नका. जोसातून एनआयटीला जायचे तर बारावीला 75 टक्के हवेत, किंवा आपल्या बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये नाव हवे. अनुसूचित जाती-जमातींना 65 टक्के. चांगली रँक येऊनही 73 टक्क्यांवर अडकलेली मुले बघितली आहेत. फेब्रुवारीत जेईईचा अभ्यास थांबला तर थांबू द्या.

एप्रिल सोडून द्यावी असे मी कोणाला सांगतो? दोन प्रकारच्या मुलांना. एक, ज्यांना जानेवारीतच 99.5 च्या वर मिळाले आहेत आणि ज्यांचे लक्ष खरोखर आयआयटीवर आहे. त्यांनी एप्रिलचे दिवस ॲडव्हान्सला द्यावेत, तो पेपर वेगळ्याच धाटणीचा असतो. दुसरी मुले साठ-सत्तर पर्सेंटाइलवाली, ज्यांना पुण्या-मुंबईचे किंवा गावाजवळचे कॉलेज सीईटीवर घ्यायचे आहे. राज्यातल्या कॅप फेऱ्यांत महाराष्ट्राच्या बहुतेक जागा सीईटीच्या पर्सेंटाइलवर भरतात. सीईटीला निगेटिव्ह मार्किंग नाही, गणिताला प्रत्येकी दोन गुण आणि वेग सगळ्यात महत्त्वाचा. तिचा सराव वेगळा करावा लागतो, जेईईच्या अभ्यासात तो आपोआप होत नाही. अशा मुलाने एप्रिलचा पहिला पंधरवडा सीईटीला दिला तर त्याचे भले होते.

तुमच्या मुलीचे दोन्हीकडे जमेल. कॅपमध्ये खासगी विनाअनुदानित कॉलेजांत 15 टक्क्यांपर्यंत अखिल भारतीय जागा असतात, तिथे जेईईचा स्कोअर पुढे असतो. महाराष्ट्रातली मुलगी राज्याच्या यादीत सीईटीवर आणि अखिल भारतीय यादीत जेईईवर, अशी दोन्हीकडे राहू शकते. सीईटी बिघडली तर हा जेईई स्कोअरच हाताशी राहतो.

सीईटीबद्दल एक नवी गोष्ट. 2026 च्या प्रवेशांपासून राज्य सरकारने पीसीएम आणि पीसीबी सीईटी एप्रिल आणि मे अशी दोनदा घ्यायचे ठरवले आहे. दुसरी ऐच्छिक, आणि दोन्ही दिल्या तर जास्त पर्सेंटाइल धरायचा. रचना जेईईसारखीच, म्हणून वर रँकबद्दल जे सांगितले ते तिथेही लागू: पहिल्या सीईटीनंतर थांबलेल्याचा पर्सेंटाइल तोच राहील, पण मेनंतर गुणवत्ता यादीतला त्याचा क्रमांक मागे जाऊ शकतो. ॲडव्हान्स देणाऱ्यांना मेची सीईटी अगदी आगेमागे येईल, त्यांनी एप्रिलचीच मनापासून द्यावी. बिटसॅटचीही दोन सत्रे असतात आणि तिथेही जास्तीचाच स्कोअर धरतात. पण नीट वर्षातून एकदाच, तेव्हा शेजारच्या मेडिकलवाल्या मुलाच्या नियमांशी आपले नियम ताडून बघू नका.

अजून एक. दोन्ही सत्रे एकाच वर्षाची असली तरच हा "चांगला स्कोअर" नियम लागतो. या वर्षीचा जानेवारी आणि पुढच्या वर्षीचा एप्रिल यांची जोडी लावता येत नाही. गॅप घेतला तर जुना स्कोअर संपला, पुन्हा शून्यापासून. बारावीच्या वर्षासह सलग तीन वर्षे जेईई मेन देता येते, ॲडव्हान्स मात्र सलग दोनच वर्षे.

आता फॉर्म. दुसऱ्या सत्रासाठी नवीन नोंदणी करायची नाही. जानेवारीचाच अर्ज क्रमांक आणि पासवर्ड टाकून आत जायचे, सत्र दोन निवडायचे, शहराचे पर्याय आणि पेपर तपासायचा आणि फी भरायची. सायबर कॅफेवाला पासवर्ड विसरला म्हणून नवा अर्ज काढून देतो आणि इथेच घात होतो. एकाच उमेदवाराचे दोन अर्ज क्रमांक सापडले तर एनटीए ते गैरप्रकारात धरते, नंतर कितीही विनवण्या केल्या तरी उपयोग नसतो. पासवर्ड विसरला असेल तर नोंदवलेल्या मोबाइलवर किंवा ईमेलवर तो नव्याने घ्या. ही खिडकी साधारण फेब्रुवारीत, बोर्डाच्या धामधुमीत उघडते आणि त्याच महिन्यात बंद होते. म्हणून मुलीच्या भरवशावर न सोडता हे काम तुम्हीच करा. पुढे जोसाच्या लॉगिनलाही हाच अर्ज क्रमांक लागतो. तिथे कोणता स्कोअर धरायचा हे तुम्हाला निवडावे लागत नाही, रँक आधीच लागलेली असते. ॲडव्हान्सची नोंदणी वेगळी आहे. ती एप्रिलचा निकाल लागल्यावर थोडेच दिवस चालते आणि पात्र असूनही आपोआप होत नाही.